स्टॅडिओमीटरशेजारी उभे केलेले सेन्सर, स्कॅनर आणि फोन

उंची मोजणाऱ्या नव्या साधनांची हाताने वापरायच्या स्टॅडिओमीटरशी तुलना करायचं काम हाती घेतलं, तेव्हा पहिला धडा स्टॅडिओमीटरनेच दिला. ज्याच्यावरून बाकीच्यांची चूक ठरवायची, त्याची स्वतःची चूक किती हे आधी माहीत हवं. ते केलं नाही तर पुढचे सगळे आकडे हवेत राहतात.

म्हणून सुरुवात भिंतीपासून केली. स्टॅडिओमीटरचा उभा दांडा ओळंब्यात आहे का, तळपाट हलतो का, डोक्यावर टेकणारी सरकती पट्टी दांड्याशी काटकोनात राहते का, हे पाहिलं. माहीत असलेल्या लांबीची सरळ कांब उभी करून वाचन घेतलं. पट्टी जुनी असेल तर तिचं पुढचं टोक खाली झुकतं, आणि उंच-बुटक्या सगळ्यांचंच वाचन एका बाजूला सरकतं. कांब पट्टीच्या मुळाशी आणि टोकाशी अशी दोन्ही ठिकाणी टेकवली, की हा झोल लगेच दिसतो.

मग माणूस. पादत्राणं काढलेली, केस मोकळे किंवा अंबाडा सोडलेला, टाचा एकत्र आणि मागे टेकलेल्या. डोकं असं ठेवायचं, की कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येतील. यालाच फ्रँकफर्ट प्रतल म्हणतात. डोक्याचा मागचा भाग दांड्याला टेकलाच पाहिजे असा हट्ट धरला, की बरेच जण हनुवटी वर करतात आणि ही रेषा बिघडते. त्यामुळे आधी रेषा, मग टेकणं. दीर्घ श्वास घ्यायला सांगून पट्टी केस दाबले जातील इतकी खाली आणायची आणि वाचन मिलिमीटरपर्यंत लिहायचं. त्यानंतर माणसाला पूर्ण बाजूला व्हायला लावून पुन्हा उभं करायचं आणि दुसरं वाचन घ्यायचं. तो जागेवरच उभा असताना घेतलेलं दुसरं वाचन हे पहिल्याचीच नक्कल असते.

या जोड्यांवरून मापनाची तांत्रिक चूक काढता येते. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, तिला जोड्यांच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ घ्या. समजा, दहा जणांच्या जोड्यांमधला फरक १, २, ०, ३, १, २, ४, १, २ आणि ० मिमी आहे. वर्गांची बेरीज ४०, भागिले २०, म्हणजे २, आणि वर्गमूळ सुमारे १.४ मिमी. याला २.७७ ने गुणलं की ३.९ मिमी येतात. म्हणजे त्याच माणसाची, त्याच हातांनी घेतलेली दोन वाचनं साधारण ४ मिमीपर्यंत सहज वेगळी येऊ शकतात. एखादा सेन्सर स्टॅडिओमीटरपेक्षा ३ मिमी वेगळा आला, तर एका वाचनावरून त्याला चुकीचा ठरवता येत नाही.

वेळेचंही पथ्य पाळावं लागतं. झोपेतून उठल्यावर पाठीच्या चकत्या दबत जातात आणि दिवसभरात उंची सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही जास्त उतरते. त्यातही उठल्यानंतरच्या पहिल्या तासात उतार सर्वांत वेगवान असतो. सकाळी स्टॅडिओमीटर आणि दुपारी स्कॅनर असा क्रम ठेवला, तर स्कॅनरच्या माथी पाठीच्या कण्याची चूक मारली जाते. आम्ही चारही साधनं एकाच खोलीत ठेवून पाच-दहा मिनिटांत सगळी वाचनं उरकली, आणि कोणतं साधन आधी हे प्रत्येक माणसागणिक चिठ्ठी काढून ठरवलं.

आता अल्ट्रासोनिक सेन्सर. यात मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं, कारण याची चूक गणितात अगदी स्वच्छ दिसते. सेन्सर माथ्याच्या वर टांगलेला असतो. तो ध्वनीची लहर खाली सोडतो, प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो आणि ते अंतर स्वतःच्या बसवलेल्या उंचीतून वजा करतो. पण हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. सेल्सिअसमधलं तापमान T असेल, तर मीटर प्रति सेकंदातला वेग असा:

```
c = 331.3 + 0.606 * T
```

२० अंशांना हा वेग ३४३.४ आणि ३२ अंशांना ३५०.७ येतो, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये ३४३ च्या आसपासचा एकच आकडा कायमचा लिहिलेला असतो, असं पुष्कळदा आढळतं. समजा, सेन्सर २२० सेमीवर बसवलाय आणि खोली ३२ अंशांवर आहे. खाली १७० सेमी उंचीचा माणूस उभा आहे, म्हणजे खरं अंतर ५० सेमी. सेन्सर ते ४९.० सांगतो आणि उंची १७१.० दाखवतो, म्हणजे एक सेंटिमीटर जास्त. आता ११० सेमी उंचीचं मूल उभं करा. खरं अंतर ११० सेमी, सेन्सर सांगतो १०७.७, आणि उंची येते ११२.३. चूक सव्वादोन सेंटिमीटरची. माणूस जितका बुटका, तितकी चूक मोठी, कारण ध्वनीला तितकी जास्त हवा कापावी लागते. सेन्सरची चाचणी फक्त प्रौढांवर घेऊन तो लहान मुलांसाठी वापरायला दिला, तर हेच होतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक माणसाच्या आधी, खाली कोणी नसताना, सेन्सरला जमिनीचं अंतर मोजू द्यायचं. वरच्या उदाहरणात तो २२० ऐवजी २१५.४ सांगेल. मग माथ्याचं प्रत्येक अंतर २२० ÷ २१५.४ या गुणोत्तराने गुणायचं. यासाठी वेगळा तापमापकही लागत नाही. फक्त २२० हा आकडा टेपने नीट मोजलेला हवा. इथे एक घोळ मात्र हमखास होतो. काही जण गुणोत्तर न वापरता मोजलेल्या जमिनीच्या अंतरातून मोजलेलं माथ्याचं अंतर थेट वजा करतात. तसं केलं तर २१५.४ वजा ४९.० म्हणजे १६६.४, आणि माणूस साडेतीन सेंटिमीटरने बुटका होतो.

दुसरी अडचण केसांची. दाट, मऊ केस ध्वनी शोषतात आणि गोल माथा तो बाजूला परतवतो. माथ्याचा प्रतिध्वनी क्षीण पडला की सेन्सर खांद्याचा प्रतिध्वनी पकडतो आणि उंची वीस-पंचवीस सेंटिमीटरने कोसळते. इतकी मोठी चूक निदान ओळखू तरी येते. केसांच्या वरच्या थरावरून परतलेला प्रतिध्वनी मात्र एक-दोन सेंटिमीटरची चूक गुपचूप घालतो. डोक्यावर हलकी, कडक, सपाट पट्टी ठेवून तिची जाडी वजा केली, की दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी मिटतात. केस दाबले जातात आणि ध्वनीला सपाट पृष्ठभाग मिळतो. मात्र पट्टी कलली तर प्रतिध्वनी भलतीकडे जातो, म्हणून तिच्यावर छोटी पाणसळ चिकटवलेली बरी.

त्रिमितीय स्कॅनरचा प्रश्न निराळा आहे. त्याचा प्रकाश अंतर छान मोजतो, चूक येते ती उभं राहण्याच्या पद्धतीतून. मांड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून स्कॅनसाठी पाय फाकवून उभं राहायला सांगतात. ८० सेमी लांबीचा पाय तळाशी १० सेमी बाहेर गेला, तर पायथागोरसच्या हिशेबाने उभी उंची सुमारे ६ मिमीने कमी होते. त्यात श्वास सोडलेला, नजर कुठेतरी समोर आणि केस न दाबलेले. यातलं काही उंची घटवतं, काही वाढवतं, आणि बेरीज शून्याच्या जवळ आली तर स्कॅनर अचूक आहे असा समज होतो. माणूस टकला असेल तर ती बेरीज मोडते. आयएसओ २०६८५ या मानकात स्कॅनमधून काढलेल्या शरीराच्या उंच्यांसाठी ४ मिमी ही मर्यादा दिली आहे. पाय फाकवून घेतलेल्या स्कॅनवरून ती गाठायची आशा धरू नये. आम्ही उंचीसाठी टाचा जुळवून वेगळा स्कॅन घेतला, डोक्याला घट्ट टोपी घातली आणि तळाशी ३० सेमीचा धातूचा ठोकळा ठेवला. स्कॅनमध्ये ठोकळ्याची उंची ३० च्या आसपास आली नाही, तर सॉफ्टवेअरने जमीन कुठे धरली आहे तेच चुकलंय असं समजायचं.

फोनची ॲप मुळात दोन जातींची. लेसरने अंतर मोजणारा लायडार असलेल्या फोनवरची ॲप समोरचं अंतर स्वतः मोजतात. त्यांचा घात जमिनीवर होतो, कारण चकचकीत फरशी किंवा गालिचा आला की जमिनीची पातळी वर-खाली सरकते, आणि माथ्याऐवजी केसांचं टोक धरलं जातं. दुसरी जात फोटोत माहीत असलेल्या मापाची वस्तू धरायला लावणारी. इथे ८५.६ मिमी रुंदीचं बँकेचं कार्ड वापरलं आणि ॲपने त्याची कड एका मिमीने चुकवली, तर १७० सेमीत दोन सेंटिमीटरची चूक येते. कार्ड छातीशी न धरता १० सेमी पुढे धरलं आणि कॅमेरा अडीच मीटरवर असेल, तर कार्ड सव्वाचार टक्के मोठं दिसतं आणि माणूस १६३ सेमीचा होतो. हे फोन सुधारून जाणार नाही, तो भूमितीचाच नियम आहे.

शेवटी निकाल मांडताना सहसंबंध गुणांक वापरायचा मोह टाळला. १०० ते १९० सेमी उंचीची माणसं घेतली की कोणतंही बरं साधन ०.९९ च्या आसपास जातं. त्याऐवजी प्रत्येक माणसासाठी साधन वजा स्टॅडिओमीटर हा फरक काढला, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन घेतलं, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ पट विचलन धरून मर्यादा आखल्या. समजा, एका साधनाची सरासरी +९ मिमी आणि विचलन ३ आहे, दुसऱ्याची सरासरी +१ आणि विचलन १४. पहिल्याच्या मर्यादा +३ ते +१५, दुसऱ्याच्या −२६ ते +२८. सरासरी पाहणाऱ्याला दुसरं चांगलं वाटेल. पण पहिल्यातून ९ मिमी वजा केले की काम भागतं, आणि दुसऱ्यातून काय वजा करायचं हे कोणालाच सांगता येणार नाही. हे फरक आलेखावर उंचीच्या समोर मांडले, तर तापमानाची चूकही नजरेत भरते. बुटक्यांकडे ठिपके वर आणि उंचांकडे खाली अशी तिरकी रांग दिसली की सेन्सरचा वेग तपासायचा.

शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे तीन महिन्यांत सुमारे दीड. त्याची वाढ थांबली का हे पाहायचं असेल, तर वरच्या उदाहरणातल्या विचलन १४ असलेल्या साधनाच्या चढ-उतारातच ही दीड सेंटिमीटरची वाढ बुडून जाते. तिथे अजूनही लाकडी पट्टी, दाबलेले केस आणि दोनदा घेतलेलं वाचन हेच मी वापरतो. गुणोत्तराची दुरुस्ती केलेला, पट्टीवरून मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर त्याच्या बराच जवळ येतो. फोनचा आकडा मी वाढीच्या तक्त्यात भरत नाही.