हळदीच्या पट्टीतला पंधरावा बाइट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी तयार होते. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वगैरे वजा जाऊन हातात पडणारी रक्कम. मी ज्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथून संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्यांची एक फाईल पतसंस्थेकडे जाते आणि त्यावरून शेतकऱ्यांच्या खात्यांवर पैसे जमा होतात. ही फाईल मध्ये एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली जायची आणि तिथून पतसंस्था ती उचलायची. गेल्या हंगामाच्या तोंडावर पतसंस्थेच्या लेखापरीक्षकांनी विचारलं, की मधल्या सर्व्हरवर कुणी फाईलमध्ये फेरफार केला तर तुम्हाला कळणार कसं?

शेठ म्हणाले, "फाईल एन्क्रिप्ट होऊन जाते की. किल्ली आपल्याकडं आणि त्यांच्याकडं. तिसऱ्याला वाचताच येत नाही, तर तो बदलणार काय?"

फाईल खरोखरच एन्क्रिप्ट होत होती, २५६ बिटांच्या किल्लीने, एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरून. पण आधीच्या प्रोग्रॅमरने ती काउंटर मोडमध्ये, म्हणजे सीटीआरमध्ये, बसवली होती. आणि सीटीआरमध्ये न वाचताही बदलता येतं. शेठना हे तोंडी सांगून पटणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून खोट्या खात्यांची एक फाईल बनवून त्यांच्यासमोर बसलो.

सीटीआरमध्ये एईएस तुमच्या मजकुराला हात लावत नाही. ते एक, दोन, तीन अशा वाढत्या आकड्यांना किल्लीने एन्क्रिप्ट करतं आणि त्यातून येणारी बाइटांची रांग मजकुरावर एक्सॉर केली जाते, म्हणजे दोन्हीकडचे बिट सारखे असतील तिथे शून्य आणि वेगळे असतील तिथे एक. उलगडताना तीच रांग पुन्हा एक्सॉर करायची. आता मधल्या माणसाने बंद फाईलमधला एखादा बाइट `0x09` ने एक्सॉर केला, तर उलगडलेल्या मजकुरातला नेमका तोच बाइट `0x09` ने बदलतो. शेजारच्या बाइटाला धक्काही लागत नाही. त्याला किल्ली लागत नाही. कुठल्या जागी काय लिहिलेलं असतं एवढंच माहीत असावं लागतं.

आणि ते आमच्या फाईलमध्ये कुणालाही कळण्यासारखं होतं. प्रत्येक ओळीत आधी ११ अंकी खाते क्रमांक, मग ९ अंकी रक्कम, पुढे नाव. पहिल्या ओळीतली रक्कम होती `000048650`, म्हणजे ४८,६५० रुपये. त्यातला चौथा अंक लाखाचा. तो ओळीतला पंधरावा बाइट. बहुतेक पट्ट्या लाखाच्या आतल्या असतात, त्यामुळे तिथे `0` असणार हे न बघताही सांगता येतं. `0` हे अक्षर संगणकात `0x30` असतं आणि `9` हे `0x39`. दोघांतला फरक `0x09`. फाईलच्या सुरुवातीला १६ बाइटांचा काउंटर असतो, तेवढे सोडून पुढे मोजायचं:

```python
d = bytearray(open("patti.enc", "rb").read())
d[16 + 14] ^= 0x09
open("patti.enc", "wb").write(d)
```

ही फाईल पतसंस्थेच्या प्रोग्रॅमने मुकाट्याने उलगडली आणि पडद्यावर ९,४८,६५० आले. शेठ थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोतं शिवलेलं आहे, पण शिलाईवर आपली खूण नाही."

त्यांची पुढची शंका रास्त होती. फाईलच्या शेवटी एकूण बेरीज असते, ती जुळणार नाही ना? पण ती बेरीजही त्याच पद्धतीने एन्क्रिप्ट झालेली. आमच्या नमुन्यात ती २४,३६,१८० होती. नऊ लाख वाढवून ३३,३६,१८० करायची तर दोनच अंक बदलतात, आणि त्यासाठी दोन बाइट `0x01` आणि `0x07` ने एक्सॉर केले की झालं. फक्त मूळ बेरीज माहीत हवी, आणि दिवसाची उलाढाल यार्डात बऱ्याच लोकांना माहीत असते. बेरजेऐवजी सीआरसी हा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, घातला तरी फरक पडत नाही. उलट तिथे मूळ मजकूर माहीत असण्याचीही गरज नाही. सीआरसीत मजकुरातल्या ठरावीक फरकामुळे चेकसममध्ये किती फरक पडेल हे कुणालाही आधीच काढता येतं. वायफायच्या जुन्या वेप पद्धतीत नेमकं हेच झालं, आणि २००१ साली संशोधकांनी ते दाखवून दिलं.

म्हणून मला अशी खूण हवी होती, की फाईलमध्ये अमुक फरक केला तर खुणेत किती फरक पडेल हे किल्लीशिवाय सांगताच येऊ नये. जीसीएम हेच करतं. डेव्हिड मॅकग्रू आणि जॉन व्हिएगा यांनी ते रचलं आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने प्रमाणित केलं. मजकूर झाकण्यासाठी त्यात काउंटर मोडच आहे. जादा आहे तो १६ बाइटांचा टॅग.

तो कसा तयार होतो हे समजून घेतल्याशिवाय मी कोड लिहिणार नव्हतो. आधी सगळेच बिट शून्य असलेला १६ बाइटांचा तुकडा किल्लीने एन्क्रिप्ट करायचा. जे येईल ते `H`. हा आकडा किल्ली असणाऱ्यालाच माहीत. मग बंद मजकुराचे १६ बाइटांचे तुकडे `C` एकेक घ्यायचे आणि दर वेळी हे करायचं:

```
Y = (Y xor C) * H
```

`Y` ची सुरुवात शून्यापासून. इथला गुणाकार नेहमीचा नाही. तो अशा नियमाने होतो की उत्तर कायम १२८ बिटांतच राहतं. सगळे तुकडे संपले की मजकुराची लांबी त्यात मिसळतात, पुन्हा `H` ने गुणतात, आणि शेवटी त्या फाईलपुरता असलेला एक गुप्त मुखवटा वर एक्सॉर करतात. तोच टॅग.

आता आपल्या पंधराव्या बाइटाकडे बघा. कुणी तो `0x09` ने बदलला तर तो फरक पहिल्या तुकड्यात शिरतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला `H` ने गुणला जात टॅगपर्यंत पोहोचतो. टॅग जुळवून घ्यायचा तर त्या माणसाला त्या फरकाला `H` च्या मोठ्या घाताने गुणून येणारं उत्तर हवं, आणि `H` त्याच्याकडे नाही. सीआरसीतही एका अर्थी गुणाकारच असतो, पण तिथला गुणक छापील असतो, सगळ्यांना माहीत असलेला. इथे तो झाकलेला आहे. मला हे कळलं तेव्हा मनातली मोठी गाठ सुटली.

कोड मात्र छोटाच निघाला. पायथॉनच्या `cryptography` लायब्ररीत हे तयार आहे:

```python
gcm = AESGCM(key)
nonce = os.urandom(12)
aad = b"patti-v1|branch-02|000318"
ct = gcm.encrypt(nonce, data, aad)
```

टॅग `ct` च्या शेवटी जोडूनच येतो. उलगडताना टॅग जुळला नाही तर `InvalidTag` ही चूक येते आणि मजकुराचं एक अक्षरही हातात पडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. पतसंस्थेचा जुना प्रोग्रॅम एकेक ओळ उलगडत लगेच खात्यावर नोंद करायचा. तशा पद्धतीत टॅग तपासायची वेळ येईपर्यंत पैसे जमा झालेले असतात. म्हणून आधी पूर्ण फाईल तपासायची आणि मगच पहिली नोंद, असं तिथे बदलून घेतलं.

सगळ्यात जास्त विचार `nonce` वर, म्हणजे काउंटरची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यावर केला. तो गुप्त नसतो, फाईलबरोबर उघडाच जातो, पण एका किल्लीखाली तो पुन्हा कधीही वापरला जाता कामा नये. दोन फाईलींचा नॉन्स एकच निघाला तर दोन्ही टॅगवरचा मुखवटा एकच असतो. दोन टॅग एकमेकांवर एक्सॉर केले की मुखवटा उडून जातो आणि `H` हा एकच अज्ञात आकडा असलेलं समीकरण उरतं. ते सोडवता येतं. मग त्या किल्लीखाली खोटे टॅग तयार करायला वाट मोकळी. शिवाय दोन्ही फाईलींवरची एक्सॉरची रांगही एकच, त्यामुळे मजकूरही उघडा पडायला लागतो. हे फक्त कागदावरचं नाही. २०१६ मध्ये संशोधकांना नॉन्स पुन्हा वापरणारे १८४ वेब सर्व्हर सापडले होते.

नॉन्ससाठी एक, दोन, तीन असा चढता क्रमांक ठेवणं सोपं वाटतं. पण सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा कितीतरी ठिकाणी संगणक पाण्यात गेले आणि जुन्या बॅकअपवरून काम पुन्हा उभं करावं लागलं. बॅकअप दहा दिवसांपूर्वीचा असेल तर क्रमांकही दहा दिवस मागे जातो आणि वापरलेले नॉन्स पुन्हा वापरले जातात, कुणाच्याही लक्षात न येता. म्हणून मी दर फाईलला १२ बाइट यादृच्छिक घेतो. अशा नॉन्ससाठी एका किल्लीवर २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी फाईली, ही मर्यादा आहे. रोजच्या एका फाईलला ती कधीच लागणार नाही.

वरचा `aad` हा फाईलचा मथळा. तो एन्क्रिप्ट होत नाही, पण टॅगच्या हिशोबात येतो. शेवटचा आकडा फाईलचा अनुक्रमांक आहे. त्याची गरज अशी, की परवाची खरी फाईल कुणी आज जशीच्या तशी पुन्हा ठेवली तर तिचा टॅग बरोबरच निघतो. तिच्यात फेरफार झालेलाच नाही. त्यामुळे पतसंस्थेचा प्रोग्रॅम शेवटचा स्वीकारलेला क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्यापेक्षा मोठा नसेल तर फाईल परत करतो. बॅकअपवरून सुरू करावं लागलं, तर दुकानाने पुढचा क्रमांक पतसंस्थेला फोन करून विचारायचा, असं ठरलं आहे.

चाचणीत पहिल्याच दिवशी पतसंस्थेच्या मॅडमचा फोन आला, की किल्ली तीच असून प्रत्येक फाईलला `InvalidTag` येतंय. ही चूक कारण सांगत नाही. किल्ली वेगळी असो, नॉन्स चुकलेला असो, फाईल अर्धवट उतरलेली असो किंवा खरंच कुणी छेडछाड केलेली असो, संदेश एकच. दोन्हीकडचे मथळे बाइट-बाइट छापून बघितले तेव्हा त्यांच्याकडे शेवटी `\r` जास्तीचा दिसला, कारण तिथे तो मथळा विंडोजवरच्या वेगळ्या मजकूर फाईलमधून वाचला जात होता. आता मथळा फाईलमध्येच असतो. तिकडे तो जसाच्या तसा टॅगला द्यायचा, टॅग जुळला तरच त्यातला शाखा क्रमांक आणि अनुक्रमांक वाचायचा. `InvalidTag` आला तर मॅडम फाईल एकदा पुन्हा उतरवून बघतात. तरीही आला तर काही जमा होत नाही आणि दुकानाला फोन जातो.

लेखापरीक्षकांना मी नवीन फाईलवर तोच पंधरावा बाइट बदलून दाखवला. तो आणि बेरजेचे दोन बाइट, तिन्ही एकदम बदलूनही दाखवले. दोन्ही वेळा फाईल नाकारली गेली. मग त्यांनी विचारलं, की उद्या दुकान म्हणालं ही फाईल आमची नाहीच, तर टॅगवरून सिद्ध होईल का? नाही होणार. एकच किल्ली दोन्हीकडे आहे, त्यामुळे जो टॅग दुकान तयार करू शकतं तो पतसंस्थेतला किल्ली असलेला माणूसही करू शकतो. तिसऱ्याने वाटेत काही बदललेलं नाही एवढंच जीसीएम सांगतं, दोघांपैकी लिहिलं कुणी हे सांगत नाही. त्यासाठी दुकानाच्या स्वतंत्र किल्लीने केलेली डिजिटल सही लागते, आणि ती फाईलबरोबर पाठवायची का, यावर शेठ आणि पतसंस्थेचं बोलणं सध्या चालू आहे.