शुक्रवारी आमच्याकडे गोंधळ आहे

धाकट्याच्या लग्नानंतरचा जागरण-गोंधळ येत्या शुक्रवारी आमच्या सांगलीतल्या घरी आहे. आज संध्याकाळी मी आणि सौ. गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन आलो. आमंत्रण होतंच, पण मुख्य म्हणजे होणाऱ्या त्रासाची आधी कल्पना द्यायची होती.

समोरच्या काकूंकडे जास्त वेळ बसलो. काकांना शनिवारी पहाटे साडेपाचला डायलिसिसला न्यायचं असतं. "बाकी काही नाही हो, फक्त गाडी निघायला हवी," एवढंच त्या म्हणाल्या. त्यामुळे त्यांच्या फाटकापुढे दोरी बांधतोय आणि माझा भाचा रात्रभर तिथं खुर्ची टाकून बसणार आहे. मांडव रस्त्यावर न घालता अंगणातच घालतोय. पाहुण्यांच्या चारचाकी कोपऱ्यावरच्या मैदानात लागतील, गल्लीत फक्त दुचाकी, त्याही एकाच बाजूला.

आवाजाचं म्हणाल तर रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर किंवा वाद्य वाजवायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून चौक हॉलमध्येच भरतोय, दारं-खिडक्या लावून, माईकशिवाय. तरी संबळ तो संबळच, रात्रीच्या शांततेत दोन घरं ओलांडून ऐकू येणारच. शेजारच्या ताईंच्या मुलीची दहावी आहे, तिची खोली नेमकी आमच्या भिंतीला लागून. त्या रात्री ती मावशीकडे झोपायला जाते म्हणाली. तिच्या अभ्यासात खंड पडतोय, याचं मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यांची आगाऊ क्षमा मागतो. कुणाची गाडी अडली किंवा आवाज सहन होईना, तर थेट फोन करा, कितीही वाजलेले असोत. आणि जेवायला या, पंगत साडेसातला बसेल.