रेट बघा, मग फी

"मुलाला जर्मनीत पैसे पाठवायचेत. बँकेतून पाठवू, की 'फी शून्य' म्हणणाऱ्या ॲपवरून?"

दांडिया बाजारातल्या प्रत्येक तिसऱ्या घरातलं कुणीतरी हल्ली परदेशात शिकतंय, त्यामुळे हा प्रश्न वडोदऱ्यात फार ऐकू येतो. उत्तर शोधताना फी सगळ्यात शेवटी बघा. खरा खर्च रेटमध्ये लपलेला असतो.

समजा 4,000 युरो पाठवायचेत आणि त्या क्षणी गूगलवर दिसणारा बाजारभाव 100 रुपये आहे. (भाव सोपा धरलाय, हिशेब कळावा म्हणून.) शाखा 102.50 लावते आणि 500 रुपये फी घेते. 'शून्य फी'वाला 101.80 लावतो. तिसरा 100.60 लावतो, पण 1,500 फी मागतो. जीएसटी सोडून बेरीज करा: शाखेत 4,10,500, शून्य फीवाल्याकडे 4,07,200 आणि सगळ्यात जास्त फी घेणाऱ्याकडे 4,03,900. रकमेवरचा जीएसटी तिन्हीकडे साडेचारशेच्या आसपासच येतो, त्यामुळे त्याच्यावरून निवड करू नका. रक्कम अगदी लहान असेल, तरच फी निर्णायक ठरते.

शाखेतला रेट दगडावरची रेघ नसते. पाटीवरचा रेट ऐकून फॉर्म भरू नका. "एवढी रक्कम आहे, स्पेशल रेट मागवा" असं सांगा. मोठ्या रकमेला बऱ्याचदा काही पैसे कमी होतात. मात्र तिन्ही ठिकाणचे भाव एकाच वेळी घ्या. सकाळचा एक आणि दुपारचा दुसरा, अशी तुलना फसवी असते.

आता पोचण्याचं. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, गेलेल्या पैशातून मधली बँक कधीकधी आपला आकार कापते. घरखर्चाला चालून जातं, पण विद्यापीठाच्या फीत 15 युरो कमी पोचले तरी बाकी दिसते. म्हणून फी भरताना शुल्काच्या रकान्यात OUR निवडा, म्हणजे मधला खर्च तुमच्याकडून घेतला जातो. SHA निवडलंत तर कपातीची शक्यता राहते. शिवाय विद्यार्थी क्रमांक संदेशाच्या रकान्यात लिहायलाच हवा, नाहीतर पैसे पोचूनही कुणाचे ते कळत नाही.

एरवी एक ते तीन कामाचे दिवस पुरतात. उशीर बहुतेकदा पाठवण्याआधीच होतो. गल्लीतली शाखा परकीय चलनाचं काम स्वतः करत नसेल, तर परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, प्रवेशपत्र आणि फीचं बिल दुसऱ्या शाखेत जातात. ॲपवरही पहिल्या वेळी कागदपत्रं तपासली जातात. म्हणून आठवडाभर आधी छोटी रक्कम पाठवून बघा, आणि मुलाच्या खात्यात नेमके किती युरो जमा झाले ते त्याला विचारा. गेलेले रुपये भागिले जमा झालेले युरो: तोच तुमचा खरा रेट.