घोडागाडीतला घ

आजी नातीला घेऊन आल्या तेव्हा नातीचं वय पाच होतं. तक्रार एका वाक्यात संपणारी होती: ‘घर’चं ‘गर’ होतं, ‘भिंत’ची ‘बिंत’ होते आणि चित्राच्या पुस्तकातली ‘घोडागाडी’ काही केल्या ‘गोडागाडी’च राहते. आजींनी घरी पुष्कळ प्रयत्न केले होते आणि ते त्यांनी मला सविस्तर सांगितले. वाचा-उपचाराच्या कामात असं सांगणारं माणूस मिळालं की निम्मं निदान तिथेच होतं.

मी आधी क–ख, त–थ, ट–ठ या जोड्या तपासल्या. ‘खिडकी’, ‘थेंब’, ‘ठसा’ हे शब्द मुलगी अगदी स्वच्छ म्हणत होती. अडचण फक्त घ, झ, ढ, ध, भ या पाच व्यंजनांत होती, म्हणजे जी घोषही आहेत, गळ्याच्या कंपासह निघणारी, आणि महाप्राणही, ह सारख्या हवेसह निघणारी. सगळेच महाप्राण अडत असते, तर उपचार वेगळा झाला असता.

मग कान तपासायचे. श्रवणचाचणी स्वच्छ आली. त्यानंतर फरक कानाला कळतो की नाही, हे पाहण्यासाठी चित्रं मांडली: घार आणि गार, गाल आणि अंगात कपडा घालणारा मुलगा (त्याला आम्ही ‘घाल’ म्हणायचं ठरवलं), धुराचा लोट आणि दूर गेलेला माणूस. मी ओठ कागदाने झाकून शब्द म्हणायचा आणि तिने चित्रावर बोट ठेवायचं. दोनच चित्रांतून निवड असल्यामुळे नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून वीसपैकी दहा-बारा बरोबर आली तर त्याला काही अर्थ नसतो. तिची अठरा आली. वर मी मुद्दाम ‘गोडागाडी’ म्हटलं, तर ती खुदकन हसली आणि म्हणाली, “असं नाही, गोडागाडी!” कानात घ होता, तोंडातून ग निघत होता. लहान मुलांत हे नेहमी दिसतं. अशा मुलाला ‘नीट ऐक’ असं पुन्हापुन्हा सांगून काही हाती लागत नाही, कारण ऐकण्यात खोट नसतेच.

आजींची घरची पद्धत कागदाच्या पट्टीची होती. बोटभर रुंदीची पातळ पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरायची. ‘क’ म्हटलं तर ती जवळजवळ स्थिर राहते, ‘ख’ म्हटलं की फडफडते. ही युक्ती उत्तम आहे आणि क–ख, ट–ठ, त–थ यांसाठी मीही वापरतो. (फ मात्र वगळतो. हल्ली बरेच जण तो खालचा ओठ दातांना लावून, वारा घासत म्हणतात, त्यामुळे पट्टी वेगळ्याच कारणाने हलते.) पण घ म्हणताना पट्टी फारशी हलली नाही, तेव्हा आजी म्हणाल्या, “जोरात बोल.” नात जोरात बोलली. पट्टी हलली, पण शब्द ‘गोडा’च राहिला, फक्त ओरडून म्हटलेला. काही दिवसांनी तर ती घ आला की गळ्याच्या शिरा ताणू लागली.

यात आजींचा दोष नाही. ख आणि घ या दोघांनाही आपण महाप्राण म्हणतो, त्यामुळे दोन्हींत एकच गोष्ट घडते असं वाटणं साहजिक आहे. ख म्हणताना जीभ टाळूपासून सुटते तेव्हा स्वरतंतू एकमेकांपासून दूर असतात. नुसती हवा बाहेर येते आणि क्षणभराने स्वराचा आवाज सुरू होतो. हा मधला क्षण क नंतर अगदी छोटा असतो, ख नंतर त्याच्या कित्येक पट मोठा. घ मध्ये असा मूक क्षण नसतोच. जीभ टाळूला टेकलेली असतानाच स्वरतंतू कंप पावू लागलेले असतात. जीभ सुटल्यावरही ते कंप पावत राहतात, पण सैल, दार पुरतं न लावता लोटून ठेवावं तसे. त्या फटीतून आवाजासोबत हवाही निसटते आणि पुढच्या स्वराची सुरुवात हवेशीर होते. हा भाग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास टिकतो. आवाजाची पट्टीही तिथे किंचित खाली येते.

लिस्कर आणि अब्रॅमसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1964 साली 11 भाषांतली स्पर्शव्यंजनं मोजली, त्यांत मराठीही होती. जीभ किंवा ओठ सुटणं आणि स्वरतंतूंचा कंप सुरू होणं, यांतला वेळ हे त्यांचं माप. त्या मापाने क आणि ख छान वेगळे पडतात, ग आणि घ मात्र पडत नाहीत, कारण दोघांतही कंप आधीच सुरू झालेला असतो. आजींची पट्टी नेमकी तिथेच अडली होती. आणि ‘जोरात बोल’ म्हटलं की स्वरतंतू घट्ट मिटतात, आवाजाची पट्टी वर चढते, म्हणजे घ ला जे लागतं त्याच्या बरोबर उलट होतं.

मी आजींना सांगितलं, “पट्टी ठेवून द्या. हिला हळू आणि जड आवाजात बोलू द्या.” मराठीतला ह दोन स्वरांच्या मध्ये आला की असाच सैल कंपाचा असतो. त्यामुळे ज्या मुलाला ‘आहे’, ‘पहा’ म्हणता येतं, त्याच्या गळ्यात घ चा अर्धा भाग तयारच असतो. तो ग ला चिकटवायचा. इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे ‘ग’ आणि ‘ह’ सुटे म्हणायला लावणं. आम्हीही ‘ग… हो… डा’ केलं आणि हाती आलं ‘गहोडा’. मध्ये अ घुसला की घ संपला.

मी दुसरा शब्द शोधत होतो, तेवढ्यात नातीने आजींचा पदर ओढून काहीतरी विचारलं आणि आजी पटकन म्हणाल्या, “अगं हो, देते!” मी त्यांना तिथेच थांबवलं. ‘अगं हो’ घाईत म्हटलं की काय होतं, ते स्वतः म्हणून पाहा. अनुस्वार केवळ लिहिण्यापुरता उरतो, मधला अ गळतो आणि ग हो ला जाऊन भिडतो: अग्हो. यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. नात ते रोज ऐकत होती, म्हणतही होती.

मग आजी आणि नात समोरासमोर बसल्या. आजींनी प्रश्न विचारायचा आणि नातीने भातुकलीतल्या बाईसारखं उत्तर द्यायचं. “अगं, केस विंचरलेस का?” “अगं हो!” “पुस्तक ठेवलंस का?” “अगं हो!” आधी सावकाश, मग भराभर. चौथ्या-पाचव्या उत्तराला ते ‘अग्हो’ झालं. त्यानंतर सुरुवातीचा अ मनातल्या मनात म्हणायचा, ओठ हलले तरी चालतील. उरला ‘घो’. पहिला घो मुलीला स्वतःलाच वेगळा वाटला, तिने आजीकडे पाहिलं. आजी हुशार, त्यांनी ‘शाब्बास’ म्हणून घाई केली नाही, पुढचा प्रश्न विचारला.

‘घो’ दहापैकी आठ वेळा नीट येईपर्यंत ‘डा’ जोडायचा नाही, एवढंच मी बजावलं. ‘घोडा’ त्याच बैठकीत जमला. ‘घोडागाडी’ मात्र पुन्हा फसली, आणि वेगळ्या तऱ्हेने: ‘घोडाघाडी’.

ही चूक प्रगतीची खूण असते, पण तशीच सोडली तर पक्की होते. घोडागाडीत जीभ मागच्या मऊ टाळूला दोनदा टेकते, एकदा घ साठी, एकदा ग साठी, आणि दोन्ही वेळा जिभेचं काम एकच. गळ्याने मात्र पहिल्या वेळी सैल व्हायचं आणि दुसऱ्या वेळी सावरून बसायचं. नव्याने शिकलेला सैलपणा सगळ्या शब्दावर पसरतो. म्हणून शब्द शेवटाकडून बांधला: डी, गाडी, डागाडी. हा भाग मुलीला आधीपासून येत होता आणि तो अजिबात बदलायचा नव्हता. जमिनीवर चार सोंगट्या मांडल्या, पहिली निळी, बाकी तीन पिवळ्या. निळीवर बोट आलं की अग्होतला घो, पिवळ्यांवर नेहमीचा आवाज. निळी आणि पहिली पिवळी यांत आधी वीतभर अंतर ठेवलं, मग ते कमी करत आणलं. सोंगट्या एकमेकींना टेकल्या तेव्हा शब्दही अखंड निघाला.

घरी करायचा सराव मी आजींना सांगितला, तो असा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. घ शब्दाच्या सुरुवातीला असलेलेच शब्द घ्यायचे: घर, घार, घडी, घोडा. प्रत्येकासोबत त्याचा ग चा जोडीदारही यायला हवा, नाहीतर मूल सगळीकडे घ लावत सुटतं. चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, मुलीने जे म्हटलं तेच करायचं. ती ‘गार’ म्हणाली तर गारेचं चित्र द्यायचं. हवी असलेली घार मिळाली नाही की मूल स्वतःच शब्द दुरुस्त करतं.

आजींनी ‘वाघ’ही यादीत घातला होता, तो मी काढायला लावला. त्यांनी स्वतः म्हटलेला वाघ मी ऐकला होता: घाईत तो ‘वाग’च होता. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं. शब्दाच्या शेवटी महाप्राण विरतो, आणि मराठीत ही सवय जुनी आहे. हिंदीतला ‘भूख’ आपल्याकडे ‘भूक’ आहे, ‘हाथ’चा आपण ‘हात’ केला, ‘सीखना’चं आपल्याकडे ‘शिकणं’ आहे. जिथे मोठी माणसंच महाप्राण सोडतात तिथे पाच वर्षांच्या मुलीकडून तो मागणं अन्यायाचं, आणि नमुनाही डळमळीत मिळतो.

पुढच्या भेटीत मी घोडागाडी विचारलीच नाही. सराव केलेला शब्द पाठ होतो, त्यावरून फार कळत नाही. यादीत नसलेली चित्रं दाखवली. ‘घुबड’ आणि ‘घागर’ आले, घागरीत तर दुसरा ग ही जागेवर राहिला. गप्पांमध्ये मात्र ‘गरी जायचं’ अजून ऐकू येत होतं, ते अपेक्षितच होतं. भ न शिकवताच थोडा उमटू लागला होता, कारण गळ्याची हालचाल तीच आहे, फक्त अडथळा जिभेऐवजी ओठांचा. म्हणून पुढचा क्रम भ, मग ध, मग ढ असा ठेवला. झ शेवटी: त्यात स्पर्शाला घर्षण जोडलेलं असतं आणि ‘झाड’मधला आणि ‘माझ्या’मधला झ असे दोन उच्चार सांभाळावे लागतात. आजींनी लगेच विचारलं, “भ साठी काय म्हणू?” मी सांगितलं, ‘अगं हो’सारखंच काहीतरी, ज्यात ब च्या पाठोपाठ ह येतो. “मग ‘अबब, हो!’ चालेल?” म्हणत त्यांनी ते तिथेच दोन-तीनदा भराभर म्हणून पाहिलं. ते चाललं.