१० बिटची पाटी, आत ८ बिटचं पॅनेल

"दादा, १० बिटचा म्हणून मॉनिटर घेतला. आता कळतंय की आत पॅनेल ८ बिटचंच आहे, वर एफआरसी लावलंय. फसलो का मी? एडिटिंगला चालेल का, की परत करू?"

परत करू नका. आधी केबल बघा.

बडोद्याच्या दांडियाबाजारात लग्नाच्या फिल्म एडिट करणारी आमच्यासारखी बरीच मंडळी आहेत. नवा मॉनिटर आला की आठवड्याभरात कुणीतरी हे विचारतंच. १.०७ अब्ज रंग असं खोक्यावर छापलेलं असतं, आणि पॅनेलची खोलातली माहिती शोधली की "८ बिट + एफआरसी" असं सापडतं. मन खट्टू होतं, मला कळतं. पण एफआरसी म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू.

८ बिटच्या पॅनेलला लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या दाखवता येतात, १० बिटला १०२४. म्हणजे ८ बिटच्या दर दोन पायऱ्यांच्या मधे आणखी तीन पायऱ्या हव्यात, आणि पॅनेलकडे त्या नाहीत. समजा १२८ आणि १२९ यांच्या मधली, पावभर वरची पायरी हवी आहे. मग पॅनेल चार फ्रेमपैकी तीन वेळा १२८ दाखवतं आणि एकदा १२९. अर्धी हवी असेल तर दोनदा हे, दोनदा ते. डोळा त्याची सरासरी घेतो. शिवाय शेजारशेजारचे पिक्सेल एकाच फ्रेमला उडी मारत नाहीत, त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या लावलेल्या असतात. गरब्याच्या मैदानात सगळ्यांची टाळी एकदम पडली तर ठोका ऐकू येतो. प्रत्येकाची पुढेमागे पडली तर नुसता सलग आवाज येतो. तसंच हे. आणि १२८ ते १२९ या उडीत उजेडाचा फरक दोन टक्क्यांहूनही कमी असतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चार फ्रेमचा फेरा एका सेकंदात पंधरा वेळा होतो, तरी हातभर अंतरावरून तो बहुतेकांना दिसत नाही. नाक पडद्याला लावून गडद राखाडी रंग पाहिला तर काही पॅनेलांवर बारीक सळसळ जाणवते. ती ज्यांना त्रासदायक वाटते, त्यांनी अस्सल १० बिटचं पॅनेल घ्यावं. बाकीच्यांनी या कारणासाठी जास्तीचे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पॅनेलचा दोष नसेल तर आकाशात सलग रंगाऐवजी पट्टे का दिसतात? बहुतेक वेळा ते फाइलमधेच असतात. सूरसागर तलावाच्या काठावर संध्याकाळी केलेलं एक प्री-वेडिंग शूट घ्या. मागचं आकाश क्षितिजापासून वरपर्यंत साधारण एक स्टॉपने गडद होत जातं. कॅमेरा S-Log3 मधे आहे पण रेकॉर्डिंग ८ बिटचं. S-Log3 मधे एका स्टॉपच्या वाट्याला १० बिटमधे ७८-७९ आकडे येतात, ८ बिटमधे जेमतेम वीस. आकाशाने फ्रेममधली हजार पिक्सेल उंची व्यापली असेल तर प्रत्येक आकडा पन्नास पिक्सेलचा पट्टा झाला. आता ग्रेडिंगमधे तुम्ही कॉन्ट्रास्ट ओढलात आणि त्या वीस आकड्यांना पडद्याच्या साठ पायऱ्यांवर पसरवलंत. प्रत्येक पट्टा शेजारच्यापेक्षा तीन पायऱ्यांनी वेगळा झाला. हे कोणत्याही पडद्यावर दिसणार, लाखाचा असला तरी. उलट कॅमेऱ्याने १० बिट लिहिलं असेल तर साठ पायऱ्यांसाठी हाताशी ७८ आकडे आहेत, आणि साध्या ८ बिटच्या मॉनिटरवरही आकाश गुळगुळीत राहतं. म्हणून पैसे एकाच ठिकाणी घालता येत असतील तर ते १० बिट रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यात घाला.

तरीही पॅनेलपर्यंत १० बिट पोचणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि ते एका चुकीतून शिकलो. रिसेप्शनच्या हॉलची जांभळ्या दिव्यांनी उजळलेली भिंत होती, माझ्या पडद्यावर तिच्यावर पट्टे दिसत होते. ते लपवायला मी सगळ्या फिल्मवर ग्रेन चढवला. एच.२६४ मधे रेंडर करताना सगळा बिटरेट त्या ग्रेननेच खाल्ला आणि नवरीच्या शालूवरची जर पुसट झाली. फिल्म दिल्यानंतर वेव्हफॉर्म उघडून बघितलं, तर भिंतीची रेघ अगदी सलग होती. फाइलमधे पट्टे नव्हतेच.

दोष दोन गोष्टींच्या जोडीत होता. मॉनिटर मी कॅलिब्रेट केला होता, आणि ती दुरुस्ती ग्राफिक्स कार्डात बसली होती. पडदा निळसर होता म्हणून निळा ८८ टक्क्यांवर आणलेला. केबलमधून ८ बिट जात असेल तर निळ्याच्या २५६ पायऱ्या आता सव्वादोनशेच्या आसपास जागांत कोंबाव्या लागतात. तीसेक पायऱ्या शेजारच्या पायरीत मिसळून जातात. जांभळ्या भिंतीवर नेमकं तेच दिसत होतं. आणि केबलमधून ८ बिटच जात होतं, कारण मी एचडीएमआय २.० वरून ४के ६० हर्ट्झवर चालवत होतो. त्या केबलमधून सेकंदाला १४.४ गिगाबिट चित्र जातं. पूर्ण आरजीबीत ८ बिटला जवळजवळ तेवढंच लागतं, १० बिटला १७.८ लागतं. ते मावत नाही, म्हणून ड्रायव्हर मुकाट्याने ८ वर उतरतो. मॉनिटरवरची १० बिटची पाटी तशीच राहते.

डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ड्रायव्हरमधे `10 bpc` निवडलं, आणि तीच फाइल, तेच कॅलिब्रेशन, तेच एफआरसीचं पॅनेल असताना भिंत साफ झाली. दुरुस्तीचे अपूर्णांक आता पॅनेलपर्यंत पोचत होते, आणि ते दाखवायचं काम एफआरसीच करत होतं.

तुमचंही असंच तपासा. विंडोजमधे Settings, System, Display, Advanced display इथे `Bit depth` समोर काय लिहिलंय ते पाहा. मग फोटोशॉपमधे १६ बिटची, ३८४० पिक्सेल रुंदीची फाइल करा, पर्फॉर्मन्सच्या प्रगत सेटिंगमधलं `30 Bit Display` चालू करा, आणि ग्रेडियंटचं `Dither` बंद ठेवून डावीकडून उजवीकडे २० पासून ३६ पर्यंत राखाडी ओढा. झूम १०० टक्केच ठेवा. खोली अंधारी करा. ८ बिट जात असेल तर सुमारे २४० पिक्सेल रुंदीचे सोळा-सतरा उभे पट्टे मोजता येतात. १० बिट पोचत असेल तर पट्टे साठेक पिक्सेलचे होतात, आणि ते मोजणं माझ्या डोळ्यांना तरी जमत नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो. एचडीआरचं काम घेणार असाल तर या पडद्यावर ग्रेडिंग करता येईल, पण ग्राहकाकडून शेवटची मंजुरी त्यावर घेऊ नका. त्याचं कारण एफआरसी नाही. अशा बहुतेक मॉनिटरांत एचडीआरला लागणारा उजेड आणि खोल काळा रंग, दोन्ही कमी पडतात. यूट्यूबसाठीच्या, लग्नाच्या साध्या एसडीआर फिल्मला हा पडदा पुरेसा आहे. मी स्वतः असाच वापरतो.