पाणी ताजे ठेवणारे आबा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका चटई कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये आठ वर्षांपूर्वी मी आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरची यंत्रणा बसवून घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या देखभालीच्या आबांचा फोन आला, की जॉकी पंप दर वीस मिनिटांनी आपोआप सुरू होतो. पाइपांतला दाब थोडा उतरला की तो भरून काढणे एवढेच या छोट्या पंपाचे काम असते. सगळे घट्ट असेल तर तो तासन्‌तास गप्प राहतो. तो वारंवार सुरू होतो, याचा अर्थ पाणी कुठेतरी बाहेर पडत आहे.

ओल्या यंत्रणेतील पाइप बारा महिने पाण्याने भरलेले आणि दाबाखाली असतात. टाकी आणि पंपांकडून येणारे पाणी भिंतीलगतच्या उभ्या रायझरमध्ये चढते, तिथल्या अलार्म व्हॉल्व्हमधून पुढे जाते आणि छताजवळ आडव्या मुख्य पाइपात वळते. या हॉलमध्ये तो पाइप वळचणीच्या बाजूने लांबवर गेला आहे आणि त्याच्यातून फुटलेल्या बारा शाखा पत्र्याच्या उताराबरोबर आढ्याकडे चढतात. प्रत्येक स्प्रिंकलरनंतर पुढे पाणी कमी लागते, म्हणून शाखा चाळीस मिलिमीटरपासून बारीक होत टोकाला पंचवीसवर येते. अलार्म व्हॉल्व्हची झडप पाणी मागे जाऊ देत नाही. म्हणून मी खालचा मुख्य व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करून झडपेच्या वरचा दाबाचा गेज पाहत बसलो. काटा हळूहळू उतरू लागला, म्हणजे गळती हॉलमध्येच होती. आढ्याखालच्या खोक्यांवर तांबूस ओघळ सापडला आणि त्याच्या बरोबर वर सातव्या शाखेच्या टोकाला सुईएवढे छिद्र होते.

तो तुकडा कापून उभा चिरला. तळाकडच्या भागावर काळा, पातळ, घट्ट थर होता आणि खालचे लोखंड जवळपास शाबूत होते. वरच्या बाजूला मात्र एका सरळ रेषेत नारिंगी फोड उठले होते, आणि ते खरवडले की खाली खड्डे दिसत. ती रेषा म्हणजे पाण्याची पातळी होती. आढ्याकडचे टोक सर्वांत उंच आणि बंद असल्याने पाणी भरताना हवा तिथे कोंडते आणि हवा व पाणी जिथे भेटतात तिथे लोखंड सर्वांत वेगाने खाल्ले जाते.

पण कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन गंजण्यातच संपतो आणि मग गंज मंदावतो. शिळे, काळे, वास येणारे पाणी पाइपाला मानवते. आठ वर्षांत छिद्र पडायचे तर कोणीतरी पुन्हापुन्हा ताजी हवा पुरवलेली असली पाहिजे. आबांना विचारले, तर ते अभिमानाने म्हणाले, "दर महिन्याला पूर्ण लाइन रिकामी करून ताजं पाणी भरतो, भाऊ. तुम्हीच तर वहीत लिहून दिलं होतं." वहीत माझ्या अक्षरात लिहिले होते: 'दर महिन्याला ड्रेन तपासणे.' मला अभिप्रेत होते ते असे, की मुख्य व्हॉल्व्ह उघडाच ठेवून रायझरजवळचा ड्रेन पूर्ण उघडावा, खालच्या गेजचा काटा किती उतरतो ते लिहावे आणि ड्रेन बंद करावा. म्हणजे पुरवठा अडला असेल तर कळते आणि शाखा भरलेल्याच राहतात. आबा मात्र मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टोकाचा चाचणी कॉकही उघडत आणि वरपर्यंत हवा खेळवत. त्यांच्याइतका नेमाने काम करणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे, आणि पाइप लवकर गेला तो त्या नेमामुळेच.

दुसरी चूक पाइपाची, आणि ती अर्धी माझीच. पाइपवाल्या ठेकेदाराने पैसे वाचवण्यासाठी जाड 'सी' वर्गाऐवजी मध्यम 'बी' वर्ग आणला आणि मी तो चालवून घेतला. पंचवीस मिलिमीटरच्या पाइपात 'सी'ची भिंत ४ मिलिमीटर असते, 'बी'ची ३.२. आटे पाडताना त्यातले सुमारे दीड मिलिमीटर कापले जाते, त्यामुळे गंजाला उरणारी भिंत जेमतेम निम्मी राहते. छिद्रही आट्यांच्या मुळाशीच पडले होते.

मालकांचा प्रश्न रास्त होता, की गावभर प्लॅस्टिकचे पाइप बनत असताना इथे लोखंड कशाला? सीपीव्हीसी हे प्लॅस्टिक गंजत नाही, आतून गुळगुळीत असल्याने पाणीही सहज वाहते, आणि कार्यालये किंवा वसतिगृहांत ते चालते. पण ते कमी धोक्याच्या जागांपुरतेच. प्लॅस्टिकच्या चटयांच्या आगीखाली उघडा पाइप मऊ पडला, तर स्प्रिंकलर उघडूनही पाणी जागेवर पोहोचणार नाही.

सातव्या शाखेचे टोक 'सी' वर्गात बदलले आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला हवा काढण्याचा छोटा कॉक बसवला. तो उघडा ठेवून पाणी सावकाश भरायचे आणि अखंड धार आली की बंद करायचा. बाकीच्या अकरा शाखांची जाडी यंत्राने मोजली. आकडे ठीक आले, पण यंत्र जिथे टेकवावे तिथलीच जाडी सांगते, शेजारचा खड्डा त्याला दिसत नाही. त्यामुळे जॉकी पंप दिवसात किती वेळा सुरू झाला हे आबा आता वहीत लिहितात आणि संध्याकाळी मला फोनवर कळवतात. काल तीन वेळा झाला होता, परवा दोन.