पोकळी तीच, प्रश्न वेगळा

विट्याकडचे गृहस्थ. सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या कामानिमित्त बरीच वर्षं परराज्यात काढलेली, तिथंच दोन वर्षांपूर्वी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा केलेला. आता थुंकीत रक्ताची रेघ दिसली म्हणून सांगलीला माझ्याकडे आले. सोबत एक्स-रे होता आणि त्याच्या पाकिटावर कुणीतरी पेनानं 'ॲक्टिव्ह टीबी' लिहून टाकलेलं.

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात तीनेक सेंटीमीटरची पोकळी होती खरी. पण श्वासनलिका त्या बाजूला ओढली गेली होती, फुप्फुसाचं मूळही वर सरकलं होतं. ही ओढाताण जुन्या व्रणांची. नवीन आजारात पोकळीभोवती कापसासारखी धूसर सावली असते, ती इथं नव्हती. तरी एका फोटोवर पैज लावू नये. मी जुना एक्स-रे मागितला. मुलगा म्हणाला, "सर, ते सामान तिकडंच राहिलंय." लोक सोन्याची पावती वीस वर्षं जपतात आणि छातीचा फोटो रद्दीत घालतात. अखेर त्याच्या भावानं तिकडून मोबाइलवर फोटो पाठवला. कोर्स संपतानाचाच होता तो. पोकळी तीच, तेवढीच, भिंत तशीच पातळ.

मग कफाच्या सीबीनॅट तपासणीचा रिपोर्ट आला : 'ट्रेस', म्हणजे जंतूचा अगदी पुसट अंश. मुलगा चिडला. "पॉझिटिव्ह आहे ना सर, मग गोळ्या का नाही?"

कारण ही तपासणी जंतूचा डीएनए शोधते, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही बरे झालेल्यांच्या कफात पुढं काही वर्षं सापडू शकतो. 'ट्रेस'मध्ये रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही, हेही कळत नाही. जंतू जिवंत आहे का, ते कल्चर सांगतं : द्रव माध्यमात वाढला तर जिवंत. निगेटिव्ह म्हणायला मात्र 42 दिवस थांबावं लागतं. हातावर टोचून करायच्या मॅन्टू चाचणीचा तर इथं उपयोगच नाही, एकदा टीबी होऊन गेलेल्यात ती बहुधा पॉझिटिव्हच येते.

ताप नव्हता, वजन स्थिर होतं. सीटी स्कॅनमध्ये पोकळीशेजारच्या श्वासनलिका फुगलेल्या दिसल्या. रक्त तिथूनही येऊ शकतं. मी सकाळचा, खाकरून काढलेला कफ कल्चरला पाठवला, त्यांना मास्क लावायला सांगितलं आणि थांबलो. 42 दिवसांनी वाढ शून्य.

इथं संपायला हवं होतं. पण तोवर जुन्या चिठ्ठ्या चाळताना दिसलं, की माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी खोकल्यासाठी पाच दिवस लिव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं. हे औषध टीबीच्या जंतूलाही दाबतं, त्यामुळं कल्चर फसवं निगेटिव्ह येऊ शकतं. खोकला दिसला की ही गोळी लिहिण्याची सवय आपल्याकडे कधी सुटणार, कोण जाणे.

औषध थांबून बरेच आठवडे झाल्यावर पुन्हा दोन नमुने पाठवलेत. एक्स-रे अजून तसाच आहे. मुलगा दर सोमवारी फोन करतो, मी "वाढ नाही" म्हणतो आणि तारीख मोजतो.